हार्ट फेल्युअरच्या पेशंटला डिस्चार्जनंतर पुन्हा सूज, पुन्हा धाप: घरी काय काय तपासायचं

तक्रार अशी असते. आजोबांना किंवा आजींना हार्ट फेल्युअरसाठी ॲडमिट केलं होतं. सलाईनमधून लघवीची इंजेक्शनं दिली, भरपूर लघवी झाली, पाय उतरले, धाप थांबली. हसत घरी गेले. आणि दोन-तीन आठवड्यांत पुन्हा तेच: पाय सुजलेले, रात्री आडवं होता येत नाही, पुन्हा रिक्षा, पुन्हा कॅज्युअल्टी. घरचे विचारतात, "सिस्टर, सगळी औषधं वेळेवर दिली, मग असं कसं झालं?"

मी मेडिसिन वॉर्डात काम करते. डिस्चार्जचा कागद समजावून सांगण्याचं काम बहुतेक वेळा आमच्याकडेच असतं. अशा पेशंटचं घरी काय झालं ते नीट विचारत गेलं, तर कारण बरेचदा मोजक्या चार-पाच जागांपैकी एका जागी सापडतं. कधी आजारच पुढे गेलेला असतो, हेही खरं. पण ते डॉक्टरांनी ठरवायचं. घरी तपासण्यासारखं जे आहे, तेवढंच इथे लिहिते. हे फक्त हार्ट फेल्युअरच्या वयस्कर पेशंटसाठी आहे. किडनीमुळे किंवा लिव्हरमुळे सूज असेल तर हिशेब वेगळा.

आधी थोडक्यात, नक्की काय बिघडतं. हृदयाचा जोर कमी पडला की किडनीला वाटतं शरीरात पाणी कमी आहे, म्हणून ती मीठ आणि पाणी धरून ठेवते. ते आधी अंगात साठतं, मग पायावर दिसतं आणि मग फुप्फुसात उतरतं. गंमत अशी की पायाला सूज डोळ्यांनी दिसेपर्यंत दोन-तीन लिटर पाणी आधीच साठून गेलेलं असू शकतं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. म्हणून सूज दिसण्याआधी वजनकाटा सांगतो. धाप लागायची वाट बघितली तर पुढचा मुक्काम दवाखान्यातच.

डिस्चार्जच्या दिवशीच होणारी चूक

कागद बहुधा दुपारी मिळतो, बिलाच्या गडबडीत. आम्ही पाच-दहा मिनिटांत समजावून सांगतो, आणि ऐकायला उभा असतो तो बिल भरणारा मुलगा. घरी औषधं देणार असते सून, नाहीतर स्वतः आजी. मुलगा मान डोलावतो आणि घरी जाऊन "सगळं त्या कागदावर लिहिलंय" म्हणून फाईल फ्रीजवर ठेवतो. म्हणून पहिली सूचना: जी व्यक्ती गोळ्या देणार आहे तिलाच समोर उभं करा. यायला जमत नसेल तर फोन स्पीकरवर लावा. आम्हाला त्याचा राग येत नाही, उलट बरं वाटतं.

कागदावर गोळीच्या नावापुढे ओडी, बीडी, एचएस, एसओएस अशी अक्षरं असतात. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, एचएस झोपताना, एसओएस म्हणजे गरज पडली तरच. १-०-१ म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. पण लघवीच्या गोळीला हा नियम डोळे झाकून लावू नका. ती दोन वेळा असेल तर दुसरी कधी द्यायची ते विचारून घ्या, कारण बहुतेक वेळा ती दुपारी दोन-तीनच्या सुमारास द्यायची असते. रात्री दिली तर म्हातारा माणूस रात्रभर उठत राहतो आणि अंधारात बाथरूमच्या उंबऱ्याला अडखळून पडतो. खुब्याचं हाड मोडून आलेल्या पेशंटना विचारा, कितीतरी जण रात्री लघवीलाच उठलेले असतात.

कागदावर बहुतेक वेळा नसते ती गोष्ट म्हणजे बंद केलेल्या औषधांची यादी. ती मागून घ्या. सरळ विचारा, "आधी चालू होत्या त्यातल्या कुठल्या बंद? कुठल्या बदलल्या? नव्या कुठल्या?" आणि तिन्ही उत्तरं पेनाने लिहून घ्या.

पहिली तपासणी: घरातल्या सगळ्या गोळ्या एका ताटात

पुन्हा वजन वाढायला लागलं, सूज आली, तर सगळ्यात आधी हे करा. एक मोठं ताट घ्या. डबा, कपाट, देवघराचा कोनाडा, आजोबांच्या सदऱ्याचा खिसा, सगळीकडच्या गोळ्या त्यात आणा. मग डिस्चार्जचा कागद समोर ठेवून एकेक स्ट्रिप जुळवा. ब्रँडचं नाव बघू नका, त्याच्याखाली बारीक अक्षरात लिहिलेलं औषधाचं नाव बघा. एकच औषध दोन कंपन्यांच्या दोन नावांनी घरात असतं आणि दोन्ही चालू असतात, हे नेहमी दिसतं. जुन्या डॉक्टरांनी दिलेली टेल्मिसार्टन एका नावाची, आता दवाखान्याने दिलेली दुसऱ्या नावाची. पेशंटला चक्कर येते, बीपी खाली जातं, मग घरचे घाबरून सगळ्याच गोळ्या थांबवतात आणि चार दिवसांत पाणी भरतं.

जी स्ट्रिप कागदावर नाही ती वेगळ्या पिशवीत टाका, पिशवीवर "विचारायचं" असं लिहा आणि पुढच्या तपासणीला बरोबर न्या. फेकू नका. डॉक्टरांना ती बघितल्यावर बरंच काही कळतं.

मग लघवीच्या गोळीची स्ट्रिप मोजा. "गोळी घेतली का?" हा प्रश्न विचारून उपयोग नाही, कारण उत्तर नेहमी "घेतली" असंच येतं. ही एक गोळी म्हातारी माणसं हमखास चुकवतात आणि त्यांचं कारणही रास्त असतं. गोळी घेतली की तासाभरात लघवीची घाई सुरू होते आणि दुपारपर्यंत दोन-चार चकरा होतात. एसटीने जायचं असेल, बँकेत रांगेत उभं राहायचं असेल, लग्नाला जायचं असेल, तर कोण घेईल? त्यांना रागावून काही होत नाही. डिस्चार्जच्या वेळीच डॉक्टरांना विचारून ठेवा की बाहेर जायच्या दिवशी ही गोळी घरी परतल्यावर, दुपारी घेतली तर चालेल का. बऱ्याच जणांना ही सवलत मिळते. गोळी उशिरा घेणं वेगळं आणि न घेणं वेगळं, हे आजोबांना एकदा नीट सांगितलं की ते ऐकतात.

दुसरी तपासणी: दुखण्याची गोळी

मला विचाराल तर मिठापेक्षा आधी मी हे तपासते, कारण घरच्यांना हे औषधच वाटत नाही. गुडघा दुखतो म्हणून मेडिकलमधून आणलेली डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, किंवा "कंबरदुखीची" म्हणून दिलेली सुटी गोळी. या जातीच्या गोळ्या किडनीला मीठ आणि पाणी धरून ठेवायला लावतात आणि लघवीच्या गोळीचा असर कमी करतात. म्हणजे एका हाताने पाणी काढायचं आणि दुसऱ्या हाताने कोंडायचं. त्यात बीपीची गोळी आणि लघवीची गोळी चालू असताना या गोळ्या घेतल्या तर किडनीवर एकदम ताण येतो. दोन-तीन दिवसांतही फरक पडू शकतो.

मेडिकलमध्ये पेशंट स्वतः जाऊन "गुडघ्याची द्या" म्हणतो. काउंटरवरच्या माणसाला हार्टचं काही माहीत नसतं, कारण कोणी सांगितलेलं नसतं. दुखण्यासाठी साधी पॅरासिटामॉल बहुतेकांना चालते, पण किती आणि कितीदा ते डॉक्टरांना विचारून लिहून घ्या. पाण्यात फसफसणारी पॅरासिटामॉल मात्र नको. ती फसफसते सोडियमच्या क्षारामुळे, आणि सोडियम म्हणजे आपण टाळतोय तीच गोष्ट. ॲसिडिटीसाठी पाण्यात टाकून प्यायची फसफसणारी पावडर, खायचा सोडा, यांचंही तेच. जेवणानंतर "जरा गॅस झालाय" म्हणून रोज एक पुडी घेणारे आजोबा प्रत्येक वॉर्डात असतात.

तिसरी तपासणी: मीठ

"आम्ही अळणीच देतो" असं सगळे सांगतात आणि ते खोटं नसतं. भाजीतलं मीठ खरंच कमी केलेलं असतं. पण आपल्या ताटात वरच्या बाजूला चिमूटभर मीठ वाढलेलं असतं, डावीकडे लोणच्याची फोड, चटणी, आणि पापड. भाजी अळणी लागली की हात आपोआप डावीकडे जातो. लोणचं मिठात मुरलेलं, पापडात मीठ आणि वर पापडखार. सांडगे, कुरडया, खारवलेल्या मिरच्या, फरसाण, खारे शेंगदाणे. कोकणात आणि गोव्यात सुकट, खारा बांगडा, सुके बोंबील. चहाबरोबरची खारी आणि टोस्टसुद्धा मोजणीत येतात.

दिवसभराचं सगळं धरून मीठ ५ ग्रॅमच्या आत राहावं असं साधारण सांगतात, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, त्याहून जास्त नाही. तुमच्या डॉक्टरांनी वेगळा आकडा दिला असेल तर तो धरा. सोपी युक्ती: सकाळीच आजोबांच्या नावाची एक छोटी डबी भरा, त्यात अर्धा चमचा मीठ ठेवा. भाजी-आमटी शिजली की मीठ घालायच्या आधी त्यांची वाटी बाजूला काढा आणि त्यांचं मीठ त्या डबीतूनच घाला. उरलेला अर्धा चमचा ब्रेड-बिस्किटांत, दुधात, भाज्यांत असलेल्या सोडियमसाठी सोडून द्या. भाकरीत तसंही मीठ नसतं, चपातीच्या कणकेतलंही बंद करा. चव यायला लिंबू, कोकम, लसूण, जिरं, कोथिंबीर, मिरपूड आहेच. पहिले आठ-दहा दिवस कुरकुर होते, मग जीभ सरावते.

दोन गोष्टी ठासून सांगायच्या आहेत. उपासाला चालतं म्हणून सैंधव कितीही चालेल असं नाही, तेही मीठच आहे आणि सोडियम त्यातही जवळजवळ तितकंच. आणि बाजारात "कमी सोडियम" म्हणून जे मीठ मिळतं, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. हार्ट फेल्युअरच्या पेशंटला स्पायरोनोलॅक्टोन किंवा टेल्मिसार्टन, रामिप्रिल यांसारख्या गोळ्या चालू असतात आणि त्या शरीरातलं पोटॅशियम आधीच वाढवतात. वरून हे मीठ खाल्लं तर पोटॅशियम इतकं वाढू शकतं की हृदयाचे ठोके बिघडतात. परदेशातून मुलाने प्रेमाने पाठवलेला डबा असला तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उघडू नका. शहाळ्याचं पाणी रोज पाजायचं असेल तरी याच कारणासाठी आधी विचारा.

चौथी: पाणी

याबद्दल घरोघरी दोन टोकं दिसतात. कोणी "किडनी साफ होते" म्हणून तांब्यामागून तांबे पाजतं, कोणी उन्हाळ्यातसुद्धा पेशंटला तहानेने कासावीस करतं. पाण्यावर बंधन प्रत्येकालाच नसतं. कागदावर "दीड लिटर" असं काही लिहिलं असेल तरच मोजा, नसेल तर विचारा. मोजायचं असेल तर सकाळी दीड लिटरची बाटली भरून ठेवा. आजोबांनी चहा घेतला की तितकंच पाणी बाटलीतून दुसऱ्या भांड्यात ओता. ताक, दूध, पातळ आमटी, गोळीबरोबरचं पाणी, सगळं त्या बाटलीतून वजा. बाटली संपली की दिवसाचा कोटा संपला. विदर्भ-मराठवाड्यातल्या एप्रिल-मेच्या उन्हात हा कोटा बदलावा लागू शकतो. तो उन्हाळा सुरू होताना डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

रोजचं वजन कसं करायचं

वजनकाटा साधा डिजिटल चालेल. सकाळी उठल्यावर, लघवी करून, चहा-नाश्त्याआधी, साधारण सारख्याच कपड्यांत, चप्पल काढून. काटा कडक फरशीवर ठेवा, गादीवर किंवा सतरंजीवर नको. आकडा लगेच कॅलेंडरवरच्या तारखेच्या चौकटीत लिहा. घरात भिंतीवर कॅलेंडर असतंच, वेगळी वही हरवते.

घरी आल्यानंतरच्या पहिल्या सकाळचं वजन हे तुमचं मूळ वजन. दवाखान्यातल्या काट्याचा आकडा धरू नका, दोन काट्यांत एखाद-दोन किलोचा फरक असू शकतो. त्यानंतर तीन दिवसांत दोन किलो वाढ झाली तर त्याच दिवशी दवाखान्यात फोन करायचा, धाप नसली तरी. एका रात्रीत एक-दीड किलो वाढलं तरीही फोन. दोन किलो घटलं आणि उभं राहताना चक्कर येत असेल, तोंड कोरडं पडत असेल, तरीही फोन, कारण पाणी जास्त निघून गेलेलं असू शकतं.

काट्याला एक मर्यादा आहे. आजोबा नीट जेवत नसतील तर अंगातलं मांस झडतं आणि तेवढंच पाणी भरतं. वजन जिथल्या तिथे दिसतं आणि सगळे निश्चिंत राहतात. म्हणून वजनाबरोबर दोन गोष्टी बघायच्या. नडगीच्या हाडावर अंगठ्याने पाच-सात सेकंद दाबून ठेवा. अंगठा काढल्यावर खळगा तसाच राहिला तर पाणी आहे. आणि झोपताना किती उशा लागतात ते मोजा. एका उशीवर झोपणारा माणूस दोन मागायला लागला, किंवा रात्री दीड-दोनला उठून पलंगाच्या कडेला बसून श्वास घ्यायला लागला, तर कॅलेंडरवर काहीही लिहिलेलं असो, फोन करा.

जे पेशंट अंथरुणाला खिळलेले आहेत त्यांच्या पायांवर सूज बघून फसगत होते. पाणी खालच्या बाजूला उतरतं आणि झोपलेल्या माणसाची खालची बाजू म्हणजे कंबर. कुशीवर वळवून माकडहाडाच्या वर अंगठ्याने दाबून बघा. पाय सपाट आणि पाठीत खळगा, असं कितीदा तरी दिसतं.

उलटही होतं. सगळी सूज हृदयाची नसते. बीपीसाठी ॲम्लोडिपिन चालू असेल तर तिच्यामुळेही घोट्याशी सूज येते, पण तेव्हा वजन फारसं वाढत नाही आणि धापही लागत नाही. त्यावर लघवीची गोळी वाढवून उपयोग नसतो, डॉक्टर औषध बदलतात. आणि एकच पाय सुजला असेल, पोटरी दुखत असेल, गरम लागत असेल, तर रक्ताच्या गाठीची शंका घ्यायची आणि त्याच दिवशी दाखवायचं. तो पाय चोळायचा नाही.

एक केस, आकड्यांसकट

ओळख पटेल असं सगळं बदलून सांगते. आजोबा ७६ वर्षांचे, आधी एकदा असेच परत आलेले. या वेळी सुनेला समोर बसवून सगळं सांगितलं होतं. घरी पहिल्या सकाळी, रविवारी, वजन ६१.८. सोमवारी ६१.६, मंगळवारी ६१.९. बुधवारी ६२.६, गुरुवारी ६३.३, शुक्रवारी ६३.९. धाप नाही, पायाला सूज नाही म्हणावी इतकी कमी. आजोबा म्हणत होते, "भूक चांगली लागतेय, म्हणून वजन वाढलं." पण मंगळवार ते शुक्रवार बरोबर दोन किलो वाढलं होतं. तीन दिवसांत दोन किलो मांस चढत नाही, पाणीच असतं. सुनेने शुक्रवारी सकाळी फोन केला.

मी तिला ताट घ्यायला लावलं. लघवीची गोळी टॉर्सेमाइड, रोज सकाळी एक, स्ट्रिप १५ गोळ्यांची. रविवारपासून शुक्रवारच्या सकाळपर्यंत ६ जायला हव्या होत्या, म्हणजे ९ उरायला हव्या होत्या. उरल्या होत्या ११. दोन कधी चुकल्या? बुधवारी भाचीचं लग्न होतं, गुरुवारी पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत रांग होती. दोन्ही दिवशी आजोबांनी गोळी हळूच ठेवून दिली होती. लग्नाच्या पंगतीत मीठ किती गेलं ते विचारलंच नाही. मग ताटात एक पुडी निघाली, कागदावर नसलेली. सोमवारी संध्याकाळपासून गुडघ्यासाठी एसिक्लोफेनॅक, दिवसातून दोनदा. बँकेत जायचं म्हणून गुडघा ठीक करायचा होता.

म्हणजे तीन कारणं एकाच आठवड्यात एकत्र आली. कुठलंही एक असतं तर कदाचित निभावलं असतं.

डॉक्टरांनी दुखण्याची गोळी त्याच वेळी बंद करायला लावली आणि शनिवारी सकाळी ओपीडीत बोलावलं. तपासून तीन दिवसांसाठी लघवीच्या गोळीची मात्रा वाढवली, रक्तात पोटॅशियम आणि किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारं क्रिएटिनिन बघितलं. क्रिएटिनिन थोडं वाढलं होतं, म्हणून आठवड्याने पुन्हा करायला सांगितलं. पुढच्या बुधवारी वजन ६१.७. ॲडमिट व्हावं लागलं नाही. ही वाढीव मात्रा त्या आजोबांपुरती होती. सूज वाढली म्हणून आपल्या मनाने दुप्पट गोळी देऊ नका, जास्त पाणी निघालं तर किडनी आणि बीपी दोन्ही खाली बसतात. हवं तर डॉक्टरांकडून आधीच लेखी घ्या: "इतकं वजन वाढलं तर इतके दिवस इतकी गोळी जादा." काही डॉक्टर खुशीने लिहून देतात.

फोनवर काय बोलायचं तेही सांगून ठेवते, कारण "आजोबांना बरं वाटत नाही" एवढ्यावरून पलीकडच्याला काहीच कळत नाही. असं बोला: "अमुक तारखेला डिस्चार्ज झाला, हार्ट फेल्युअरचा पेशंट, वय ७६. मूळ वजन ६१.८, आज ६३.९, तीन दिवसांत दोन किलो वाढ. धाप नाही, एका उशीवर झोपतात. आजचं बीपी इतकं. लघवीची गोळी दोन दिवस चुकली. दुखण्याची गोळी घेतली होती." अर्ध्या मिनिटाचं बोलणं, पण निर्णय घेता येतो.

दोन गोष्टी ज्या बरं वाटल्यामुळे राहून जातात

एक, डिस्चार्जनंतरची पहिली तपासणी. ती साधारण एक ते दोन आठवड्यांत असते आणि तेव्हाच पेशंट सगळ्यात छान दिसत असतो. म्हणून घरचे म्हणतात, "पुढच्या महिन्यात बघू." याच तपासणीत क्रिएटिनिन आणि पोटॅशियमचा रिपोर्ट बघून गोळ्या जुळवल्या जातात. अंगात पाणी भरलेलं असताना दवाखान्यात ठरवलेली मात्रा घरी कोरड्या अंगाला जास्त होऊ शकते.

दुसरी, जुलाब-उलट्यांचा दिवस. पेशंटच्या पोटात काही ठरत नसेल, त्याच वेळी लघवीची गोळी, स्पायरोनोलॅक्टोन, डापाग्लिफ्लोझिन हे सगळं नेहमीसारखं चालू ठेवलं तर अंगातलं पाणी झपाट्याने कमी होतं. त्या दिवशी आपण होऊन सगळं बंदही करू नका आणि रेटूनही नेऊ नका. सकाळीच फोन करून कुठल्या गोळ्या थांबवायच्या आणि कधी पुन्हा सुरू करायच्या ते विचारा. कडक उपासाच्या दिवशीही हेच. एकादशीला आजींना निर्जळी करायची असेल, तर तो विषय आदल्या आठवड्यात डॉक्टरांसमोर काढा. डॉक्टरांनी सांगितलं तर त्या ऐकतात, सुनेचं नाही ऐकत.

फोन करत न बसता १०८ लावायचा तो कधी

बसल्या जागी धाप लागते, वाक्य पूर्ण बोलता येत नाही, खोकल्यातून फेसाळ किंवा गुलाबी थुंकी येते, छातीत दुखतं, शुद्ध हरपते, एकदम बरळायला लागतात, ओठ निळे पडतात. यातलं काहीही झालं तर पुढच्या सकाळची वाट बघायची नाही. गाडी येईपर्यंत आडवं झोपवू नका. पलंगाच्या कडेला किंवा खुर्चीत ताठ बसवा, पाय खाली सोडा, पाठीला लोड-उशा लावा, सदऱ्याची बटणं सैल करा, पंखा लावा. पाणी, चहा, ग्लुकोज काही पाजू नका. शेजारच्या काकांची जिभेखाली ठेवायची गोळी देऊ नका, बीपी आधीच खाली असेल तर ती आणखी पाडते. डॉक्टरांनी याच पेशंटला लिहून दिली असेल तरच, आणि लिहिली तशीच. बरोबर न्यायचं ते एवढंच: डिस्चार्जचा कागद, "विचारायचं" पिशवीसकट सगळ्या स्ट्रिप्स, आणि भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यावरून काढून.